शॉर्टकट झालेला पेन ड्राइव्ह आणि ओटीजी केबल

विंडोजच्या संगणकावर ज्या पेन ड्राइव्हमध्ये फोल्डरांच्या जागी नुसते शॉर्टकट दिसू लागतात, तोच ड्राइव्ह ओटीजी केबलने अँड्रॉइड फोनला जोडला, तर आतले फोटो आणि कागदपत्रे बहुतेक वेळा जशीच्या तशी दिसतात. झेरॉक्सच्या किंवा डीटीपीच्या दुकानात, सायबर कॅफेत, शाळा-कॉलेजच्या संगणक कक्षात फिरून आलेल्या पेन ड्राइव्हची ही नेहमीची तक्रार आहे. ‘सगळं उडालं’ असे समजून अनेक जण तो तिथेच फॉरमॅट करून टाकतात. प्रत्यक्षात त्यातले काहीच उडालेले नसते.

हे कसे होते ते कळण्यासाठी पेन ड्राइव्हवर फाइलची नोंद कशी ठेवलेली असते ते पाहावे लागते. बहुतेक छोटे पेन ड्राइव्ह फॅट ३२ या पद्धतीने मांडलेले असतात. त्यात प्रत्येक फाइलसाठी ३२ बाइटांची एक नोंद असते. फाइलचे नाव, आकार, तारीख आणि ती ड्राइव्हवर कुठून सुरू होते, हे त्या नोंदीत लिहिलेले असते. त्यातला एक बाइट फक्त गुणधर्मांसाठी राखलेला असतो. फाइल लपलेली आहे का, ती विंडोजच्या स्वतःच्या कामाची आहे का, तिच्यात बदल करायला बंदी आहे का, अशा गोष्टींच्या खुणा त्या एका बाइटात असतात. व्हायरस यातल्या दोन खुणा चालू करतो, ‘लपलेली’ आणि ‘सिस्टमची’. चार एमबीचा फोटो असला, तरी बदलतो तो त्याच्या नोंदीतला हा एक बाइट. फोटोच्या चार एमबीला कोणी हातही लावलेला नसतो.

विंडोज या खुणा काटेकोरपणे पाळते. लपलेली फाइल दाखवायची नाही आणि सिस्टमची तर मुळीच दाखवायची नाही, असा तिचा नेम असतो. म्हणून एक्सप्लोररमध्ये नुसते ‘लपलेल्या फाइली दाखवा’ एवढे चालू करून भागत नाही. `Hide protected operating system files` या पर्यायावरची खूणही काढावी लागते, आणि काही व्हायरस संगणकावरच्या या सेटिंगा पुन्हा पूर्ववत करत राहतात. मूळ फोल्डर असे गायब झाले की त्यांच्या जागी व्हायरस त्याच नावाचे शॉर्टकट करून ठेवतो. चित्र फोल्डरचेच, नाव तेच, फक्त कोपऱ्यात छोटा बाण. त्यावर डबल क्लिक केले की दोन कामे एकदम होतात. खरा फोल्डर उघडतो आणि पाठीमागे व्हायरसही चालू होतो. फोल्डर नेहमीसारखा उघडल्यामुळे माणसाला शंका येत नाही, आणि संगणक मात्र बाधित होऊन बसतो.

या युक्तीमागे थोडा इतिहास आहे. पूर्वी पेन ड्राइव्ह लावताक्षणी त्यावरचा प्रोग्राम विंडोज आपणहून चालवत असे. ड्राइव्हवर `autorun.inf` नावाची फाइल टाकली की व्हायरसचे काम भागायचे. विंडोज ७ मध्ये पेन ड्राइव्हपुरती ही सोय बंद झाली आणि २०११ साली मायक्रोसॉफ्टने जुन्या एक्सपी आणि व्हिस्टावरही अपडेटमधून ती बंद केली. तो दरवाजा बंद झाल्यावर वापरणाऱ्याकडूनच क्लिक करवून घेणे हा मार्ग व्हायरस लिहिणाऱ्यांकडे उरला, आणि त्यासाठी शॉर्टकटइतके सोयीचे दुसरे काही नव्हते.

अँड्रॉइडवर ही युक्ती दोन कारणांनी लागू पडत नाही. पहिले म्हणजे अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा आहे. तिथे फाइल लपवायची रीत वेगळी आहे. नावाच्या सुरुवातीला टिंब असले की ती लपलेली मानली जाते. फॅटच्या नोंदीतली ‘लपलेली’ ही खूण फाइल दाखवताना विचारातच घेतली जात नाही, त्यामुळे विंडोजवर न दिसणारे सगळे फोल्डर फोनवर उघडे पडतात. दुसरे म्हणजे हे शॉर्टकट आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या `.vbs` किंवा `.exe` फाइली विंडोजसाठी लिहिलेल्या असतात. फोनवर त्यांना बोट लागले, तरी फार तर ‘ही फाइल उघडता येत नाही’ असा संदेश येतो.

फोनला पेन ड्राइव्ह वाचता यावा यासाठी त्या जोडणीपुरते फोनला संगणकाची भूमिका घ्यावी लागते. एरवी चार्जिंगच्या केबलने संगणकाला जोडलेला फोन हे दुसऱ्याच्या ताब्यातले उपकरण असते. ओटीजी केबल फोनला कळवते की आता वीज पुरवायची आणि समोरच्या उपकरणाची विचारपूस करायची ती तूच. जुन्या मायक्रो यूएसबी फोनांत हे काम एक जादा पिन करते. ओटीजी केबलमध्ये ती आतल्या आत जमिनीच्या तारेला जोडलेली असते, साध्या केबलमध्ये ती मोकळी असते. टाइप सी फोनांत त्यासाठी जोडणीच्या आत एक ठरावीक रोधक बसवलेला असतो. म्हणून दिसायला एका टोकाला टाइप सी आणि दुसऱ्या टोकाला यूएसबीचे मोठे भोक असले, तरी प्रत्येक जोडणी चालेलच असे नाही. घेताना ‘ओटीजीची’ म्हणून मागून घ्यावी आणि शक्य असल्यास दुकानातच लावून पाहावी. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०११ च्या ३.१ आवृत्तीपासून आहे, पण फोनच्या सर्किटमध्येही ती असावी लागते. काही स्वस्त फोनांत ती वगळलेली असते.

ओप्पो, रिअलमी, वनप्लस आणि विवोच्या अनेक फोनांत आणखी एक पायरी असते. सेटिंगमध्ये `OTG` किंवा `OTG connection` नावाचे बटन असते, ते चालू केल्याशिवाय फोन ड्राइव्हला वीजच देत नाही. यातल्या बऱ्याच फोनांत दहा मिनिटे काही जोडले नाही, की ते बटन आपोआप बंदही होते. ‘काल चालत होतं, आज चालत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच कारण निघते. सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत `OTG` टाइप केले की ते लगेच सापडते.

ड्राइव्ह जोडण्यापूर्वी फोनची बॅटरी निम्म्याच्या वर असावी, कारण चार्जिंगची जागा ओटीजीने अडवलेली असते आणि ड्राइव्हला लागणारी वीजही फोनच देत असतो. पेन ड्राइव्हला ती थोडीच लागते. फिरणारी तबकडी असलेल्या पोर्टेबल हार्ड डिस्कला मात्र ती बरीच लागते. ती फोनला जोडली की टिकटिक आवाज करून बंद पडते, पुन्हा चालू होते. अशा डिस्कचा नाद फोनवर न केलेलाच बरा. फोनमध्ये रिकामी जागा किती आहे तेही आधीच बघून ठेवावे. आठ जीबीचा भरलेला ड्राइव्ह उतरवायचा असेल, तर फोनमध्ये दहा जीबी तरी मोकळे असावेत.

आता एक नमुना घेऊन सगळे काम क्रमाने पाहू. आठ जीबीचा एक पेन ड्राइव्ह आहे. त्यात मुंजीचे फोटो, आजोबांचे जुने फोटो स्कॅन करून ठेवलेले, आणि तिसऱ्या फोल्डरमध्ये सातबारा, जातीचा दाखला, मार्कशीट यांच्या पीडीएफ. दुकानात एका कागदाची प्रिंट काढून आणली आणि घरी ड्राइव्ह लावला, तर आत तीन शॉर्टकट, प्रत्येक दोन केबीचा. या वेळी सगळ्यात आधी ड्राइव्हवर राइट क्लिक करून `Properties` बघावे. तिथे ‘वापरलेली जागा’ पाच जीबीच्या आसपास दिसत असेल, तर निदान झालेच. डोळ्यांपुढे सहा केबी आणि हिशेबात पाच जीबी, म्हणजे फाइली आत आहेत, फक्त दिसत नाहीत. वापरलेली जागाच जवळजवळ शून्य असेल, तर मात्र फाइली पुसल्या गेल्या आहेत. तो मामला वेगळा आहे आणि त्याबद्दल पुढे येईल. दोन्ही प्रसंगी त्या शॉर्टकटवर क्लिक करू नये आणि विंडोजने फॉरमॅट करायचे का असे विचारले, तर नकार द्यावा.

ड्राइव्ह फोनला जोडला की पाच-दहा सेकंदांत वरच्या पट्टीत त्याची सूचना येते. ती नाही आली, तरी गुगलच्या `Files` ॲपमध्ये किंवा फोनच्या स्वतःच्या फाइल मॅनेजरमध्ये खाली ‘स्टोरेज’च्या यादीत यूएसबी ड्राइव्ह दिसतो. काही फोनांवर त्याचे नाव `1A2B-3C4D` अशा अनोळखी अक्षरांचे असते. तो ड्राइव्हचा क्रमांक असतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पहिल्यांदा उघडताना ॲप परवानगी मागते, ती द्यावी.

आत गेल्यावर नमुन्यातल्या ड्राइव्हवर काय दिसते? तीन शॉर्टकट आहेतच, त्यांची नावे आता `.lnk` ने संपलेली दिसतात. त्यांच्याच शेजारी त्याच नावांचे तीन खरे फोल्डर आहेत. `System Volume Information` नावाचा एक फोल्डर विंडोजने केलेला आहे, त्यात आपल्या कामाचे काही नसते. एखादी विचित्र नावाची `.vbs` फाइल असेल, तर तीच खरी गुन्हेगार. काही प्रकारच्या व्हायरसमध्ये खरे फोल्डर लगेच सापडत नाहीत. गमारू नावाच्या एका पसरलेल्या व्हायरसची खोड अशी होती की तो ड्राइव्हवरचे सगळे सामान एका फोल्डरमध्ये हलवायचा आणि त्या फोल्डरचे नाव म्हणून एकच न दिसणारे अक्षर ठेवायचा. बाहेर उरायचा तो फक्त ड्राइव्हच्याच नावाचा एक शॉर्टकट. फोनवर असा फोल्डर बिननावाचा दिसतो. फोल्डरचे चित्र आहे आणि पुढची ओळ कोरी. यादीत ही कोरी ओळ नजरेतून सहज निसटते. गमारूचे जाळे २०१७ च्या अखेरीस अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून मोडून काढले, पण त्याच धाटणीचे व्हायरस अजूनही जुन्या संगणकांवर भेटतात. म्हणून फाइली दिसत नसतील, तर निराश होण्याआधी कोऱ्या नावाची ओळ आहे का ते बोट ठेवून पाहावे.

खरे फोल्डर सापडले की त्यांची कॉपी करायची, हलवायचे नाही. `Move` निवडले तर प्रत्येक फाइल फोनमध्ये उतरल्यावर मूळ जागेवरून पुसली जाते. अर्ध्यात केबल हलली की काही फाइली इकडे, काही तिकडे आणि एखादी कुठेच नाही, अशी गत होते. फोल्डरवर बोट दाबून धरले की तो निवडला जातो. मग तीन टिंबांच्या मेनूतून `Copy to` घेऊन फोनच्या अंतर्गत स्टोरेजमध्ये एक नवा फोल्डर करायचा आणि त्यात उतरवायचे. `Select all` करण्याचा मोह टाळावा. तसे केले की शॉर्टकट आणि व्हायरसची फाइलही सोबत फोनमध्ये येते. ती फोनला काही करत नाही, पण पुढे तोच फोल्डर दुसऱ्या संगणकावर गेला, की तिचा प्रवास पुन्हा सुरू होतो. फक्त खरे फोल्डर निवडावेत, आणि त्यांच्या पोटातही `.lnk`, `.vbs`, `.exe` काही आहे का ते एकदा पाहून घ्यावे.

सगळ्यात मोलाचा फोल्डर आधी आणि एकेक फोल्डर वेगळा उतरवणे हेच शहाणपणाचे. नमुन्यातल्या घरात मुंजीचे फोटो बाकी नातेवाइकांकडेही असतील, दाखले पुन्हा काढता येतील, पण आजोबांचे स्कॅन दुसरीकडे कुठेच नाहीत. तेव्हा ते पहिले. साध्या जुन्या पेन ड्राइव्हवरून सेकंदाला दहा एमबीच्या आसपास वाचन होते असे धरले, तर पाच जीबीला आठ-नऊ मिनिटे लागतात. हजारो बारीक फाइली असल्या, की वेळ त्याहून वाढतो, कारण प्रत्येक फाइल उघडण्या-मिटण्यातच वेळ जातो. तेवढा वेळ फोन टेबलावर सपाट ठेवावा आणि पडदा चालू राहील असे पाहावे. काही फोन पडदा बंद होताच बॅटरी वाचवण्याच्या नादात चालू काम थांबवतात. केबल लोंबकळत ठेवून फोन हातात धरला, की जोडणी हलते. अर्धवट राहिलेल्या कॉपींचे हे सर्वांत सामान्य कारण आहे.

मधेच कॉपी एखाद्या फाइलवर अडून बसली आणि पाच मिनिटे पुढे सरकली नाही, तर त्या फाइलच्या जागी ड्राइव्हची चिप खराब झालेली असू शकते. अशा वेळी काम रद्द करावे, त्या फोल्डरमधल्या बाकीच्या फाइली वीस-वीस, तीस-तीसच्या गटांनी उतरवाव्यात आणि अडणारी फाइल शेवटी ठेवावी. ड्राइव्ह हाताला चटका बसेल इतका तापला असेल, तर तो काढून थोडा वेळ निवू द्यावा. खराब ड्राइव्हकडून एकाच फाइलसाठी पुन्हा पुन्हा वाचन करवून घेतले, तर ज्या फाइली अजून धड आहेत त्याही हातच्या जातात.

कॉपी झाली म्हणजे काम झाले असे नाही, ती तपासावी लागते. दोन्हीकडच्या फोल्डरची माहिती उघडून फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का पाहावे. मग वरच्या पट्टीतल्या सूचनेत `Eject` दाबून ड्राइव्ह काढून घ्यावा आणि फोनमधले फोटो उघडून पाहावेत. ड्राइव्ह काढून घेण्याला कारण आहे. तो जोडलेला असताना गॅलरीत दिसणारा फोटो फोनमधला आहे की ड्राइव्हवरचा, हे चटकन कळत नाही. छोट्या चित्रांच्या जाळीवरही विसंबू नये. वरून छोटे चित्र नीट दिसते आणि उघडल्यावर खालचा अर्धा फोटो करडा निघतो, असे अर्धवट उतरलेल्या फाइलींचे होते. फोल्डरमधले पहिले, मधले आणि शेवटचे काही फोटो पूर्ण उघडून बघितले तर अंदाज येतो. जी फाइल शून्य बाइटांची दिसते ती उतरलेलीच नाही. तारखांचा गोंधळ मात्र मनावर घेऊ नये. कॅमेऱ्याच्या फोटोत काढल्याची तारीख आत लिहिलेली असते, ती तशीच राहते. स्कॅन केलेल्या चित्रांत ती नसते, म्हणून काही फोनांच्या गॅलरीत आजोबा आजच्या तारखेखाली जाऊन बसतात.

कागदपत्रांच्या बाबतीत मराठी घरांत आणि कार्यालयांत एक हमखास गैरसमज होतो. पीडीएफ फोनवर नीट उघडते, पण जुनी वर्ड फाइल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरे, चिन्हे आणि कंसांचा कचरा दिसतो. लगेच निष्कर्ष निघतो की व्हायरसने फाइल खाल्ली. बहुतेकदा ती फाइल श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएममध्ये टंकलेली असते. त्या काळच्या या पद्धतींत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली होती. तो ठरावीक फाँट असला तरच ती मराठी दिसतात. फोनमध्ये तो फाँट नसतो. फाइल धडधाकट असते. ती तशीच जपून ठेवावी आणि तो फाँट असलेल्या संगणकावर उघडावी. ओळखण्याची खूण सोपी आहे. या कचऱ्यात शब्दांच्या मधल्या जागा आणि परिच्छेद जागच्या जागी असतात, मथळे मोठ्या टाइपातच असतात आणि तक्तेही शाबूत दिसतात. खरोखर बिघडलेली फाइल एवढी शिस्तीत उघडत नाही, ती बहुधा उघडतच नाही. पेजमेकरच्या फाइलींनाही फोनवर कोणी वाली नाही. त्या फक्त उतरवून ठेवायच्या.

ड्राइव्ह फोनवर दिसलाच नाही, तर दोष कुठे आहे हे शोधायला घरातला यूएसबी माउस उत्तम. तो त्याच ओटीजी केबलला लावला आणि फोनच्या पडद्यावर बाण फिरू लागला, तर फोन, केबल आणि सेटिंग तिन्ही ठीक आहेत, दोष ड्राइव्हकडे आहे. बाण आला नाही, तर आधी `OTG` चे बटन बघावे, मग फोनच्या भोकात साचलेला खिशातला कचरा लाकडी टूथपिकने हलकेच काढावा आणि तरीही नाही चालले, तर केबल बदलून पाहावी.

माउस चालतो, पण ड्राइव्ह जोडल्यावर `Unsupported USB drive` किंवा `Corrupted USB drive` अशा अर्थाची सूचना येते, हा सर्वांत धोक्याचा क्षण असतो. सूचनेत पुढे असेही लिहिलेले असते की दुरुस्तीसाठी किंवा वापरण्याजोगे करण्यासाठी येथे दाबा. ते दाबून पुढे गेले, की शेवटी फॉरमॅटचे बटन येते. फोनच्या भाषेत दुरुस्ती म्हणजे ड्राइव्ह पुसून नव्याने मांडणे. तिथून मागे फिरावे. ‘अनसपोर्टेड’ ड्राइव्ह बहुधा एनटीएफएस पद्धतीने मांडलेला असतो. ही विंडोजची पद्धत काही कंपन्यांचे फोन वाचतात, बरेचसे वाचत नाहीत. त्यातला माल शाबूत असतो आणि तो संगणकावरून काढता येतो. अँटिव्हायरस अद्ययावत असलेल्या संगणकावर ड्राइव्ह लावावा, कशावरही क्लिक न करता कमांड प्रॉम्प्ट उघडावा आणि ड्राइव्हचे अक्षर `E` असेल तर ही एक ओळ द्यावी:

```
attrib -h -r -s /s /d E:\*.*
```

सुरुवातीला सांगितलेल्या त्या गुणधर्मांच्या बाइटातल्या लपवणाऱ्या खुणा यामुळे पुसल्या जातात आणि फोल्डर पुन्हा दिसू लागतात. व्हायरस मात्र यातून जात नाही, तो ड्राइव्हवर तसाच असतो. म्हणून फॅट ३२ किंवा एक्सफॅटचा ड्राइव्ह असेल, तर फोनचाच मार्ग जास्त सुखाचा. ३२ जीबीपेक्षा मोठे ड्राइव्ह बहुधा एक्सफॅटचे असतात, आणि अलीकडचे बरेच फोन ते वाचतात.

काही प्रसंगी मात्र ड्राइव्ह फोनला जोडूच नये. फाइली चुकून डिलीट झाल्या असतील किंवा ड्राइव्ह फॉरमॅट झाला असेल, तर त्यांचा मजकूर ड्राइव्हवर अजून पडून असतो, पण ती जागा आता मोकळी समजली जाते आणि त्यावर काहीही नवे लिहिले जाऊ शकते. अँड्रॉइड फोन ड्राइव्ह जोडताच त्याची तपासणी करतो, सापडलेल्या विसंगती स्वतःच्या मताने नीट करतो, आणि पुष्कळदा त्यावर `Android` किंवा `LOST.DIR` असे फोल्डरही तयार करतो. लपलेल्या फाइलींना यातून सहसा अपाय होत नाही. पुसलेल्या फाइलींवर मात्र नेमका घाला पडू शकतो. त्यांच्यासाठी ड्राइव्ह लगेच बाजूला काढून संगणकावर फोटोरेक किंवा टेस्टडिस्क यांसारखे मोफत प्रोग्राम वापरावे लागतात. ‘डिलीट झालेले फोटो परत मिळवा’ म्हणणारी फोनवरची बहुतेक ॲप्स पेन ड्राइव्हच्या त्या थरापर्यंत पोचतच नाहीत, कारण अँड्रॉइड त्यांना तशी मुभाच देत नाही. फाइलींच्या नावांमागे एखादे नवेच शेपूट लागलेले असेल आणि शेजारी पैसे मागणारी चिठ्ठी असेल, तर तो शॉर्टकटचा व्हायरस नव्हे. तिथे फाइलींचा मजकूरच कुलूपबंद केलेला असतो आणि फोनचा काही उपयोग होत नाही.

फाइली फोनमध्ये उतरल्या, तपासल्या, की त्यांची एक प्रत दुसरीकडे ठेवावी आणि मगच ड्राइव्हला हात लावावा. व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवायचे तर ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावेत. ‘गॅलरी’तून पाठवले की त्यांचा आकार आणि बारकावा दोन्ही कमी होतात, आणि स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंचे त्यात फार नुकसान होते. दुसरी प्रत झाल्यावर ड्राइव्ह फोनच्या सेटिंगमधल्या `Storage` मधूनच फॉरमॅट करता येतो. हा व्हायरस साध्या फाइलींच्या रूपात असल्याने फॉरमॅटनंतर ड्राइव्हवर उरत नाही.

तो उरतो संगणकावर. स्वच्छ ड्राइव्ह पुन्हा तिथेच लावला, की काही सेकंदांत तो पुन्हा बाधित होतो. कोणता संगणक बाधित आहे हे ठरवायला हाच ड्राइव्ह कामी येतो. फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर एका फोल्डरमध्ये बिनमहत्त्वाचा एखादा फोटो ठेवून तो संशयित संगणकाला लावावा, काही न उघडता अर्ध्या मिनिटाने काढावा आणि ओटीजीने फोनवर पाहावा. फोल्डरशेजारी `.lnk` आलेले असेल, तर संगणक बाधित आहे. फक्त `System Volume Information` वाढलेला असेल, तर ते नेहमीचेच आहे आणि त्या संगणकावर निदान या जातीचा व्हायरस चालू नाही.